खुर्चीत पेशंट गळाला: चक्कर, साखर की ॲलर्जी?

सरावासाठी आम्ही नेहमी हा प्रसंग घेतो. मधुमेह असलेल्या 46 वर्षांच्या बाई सकाळची गोळी घेऊन आल्या आहेत, पण दात काढायला उपाशीपोटी जायचं असतं अशा समजुतीने नाश्ता केलेला नाही. भुलीच्या इंजेक्शननंतर पाच मिनिटांत त्या घामाने डबडबतात, चेहरा पांढरा पडतो. हे काय असेल?

काहीही असलं तरी सुरुवात एकच. काम थांबवा, तोंडातला कापूस आणि अवजारं काढा, खुर्ची आडवी करून पाय वर घ्या. मग एकाने मनगटाची नाडी धरायची आणि दुसऱ्याने ग्लुकोमीटर आणायचा.

साधी चक्कर असेल तर नाडी बहुधा मंद लागते आणि आडवं केल्यावर मिनिट-दोन मिनिटांत पेशंट भानावर येतो. या बाई येत नाहीत. नाडी जलद आहे, हात थरथरताहेत, बोलणं असंबद्ध आहे. बोट पुसून तपासलं तर साखर 48. गिळता येत असेल तर त्यांना बसतं करून 15 ते 20 ग्रॅम ग्लुकोज पाण्यातून द्यायचं आणि 15 मिनिटांनी पुन्हा तपासायचं. शुद्ध नसेल तर तोंडात थेंबही घालू नका, तो श्वासनलिकेत जातो. तेव्हा डॉक्टर शिरेतून डेक्स्ट्रोज किंवा स्नायूत 1 मिलिग्रॅम ग्लुकागॉन देतील आणि 108 ला फोन जाईल.

ॲलर्जीत चित्र बहुतेकदा वेगळं दिसतं: अंगावर गांधी, खाज, ओठ-जीभ सुजणं, आवाज बसणं, छातीत घरघर. पण गांधी उठल्याच पाहिजेत असं नाही. लिग्नोकेन या भुलीच्या औषधाची खरी ॲलर्जी विरळा. लेटेक्सचे हातमोजे, क्लोरहेक्सिडीन आणि आधी घेतलेलं अमॉक्सिसिलिन यांच्याकडे आधी बघा.

इथे माझं मत ठाम आहे: श्वास किंवा रक्तदाब बिघडला की ॲड्रेनालिन पहिलं. मोठ्या माणसाला 1 मिलीत 1 मिलिग्रॅम असलेल्या अँप्युलमधून अर्धा मिली, मांडीच्या बाहेरच्या बाजूला मध्यावर, स्नायूत. फरक नाही पडला तर पाच मिनिटांनी पुन्हा. ॲव्हिल आणि हायड्रोकॉर्टिसोन नंतर. त्यांच्या भरवशावर थांबल्याने वेळ जातो. भुलीच्या औषधात मिसळलेलं ॲड्रेनालिन फार पातळ असतं, ते या कामाचं नाही. दम लागला असेल तर पेशंटला टेकून बसू द्या, पण उभं करू नका. अचानक उभं केल्याने हृदय थांबू शकतं.

तिन्हींत नेमकं काय हे ठरत नसेल तर साखर तपासताना श्वास ऐकत राहा. सरावात आम्ही मुदत संपलेलं अँप्युल खरोखर फोडून सिरिंज भरतो, कारण हात तिथेच अडतात.