ऑफिसनंतर सात महिने: आधी टीआयएस-१००, मग ट्युरिंग कम्प्लीट

माझं काम जावा बॅकएंडचं, बारा वर्षं झाली. संध्याकाळी साडेसातला लॅपटॉप मिटला की डोकं दमलेलं असतं, पण शांत नसतं. दिवसभरातला सुटलेला-न सुटलेला बग आत घुमत राहतो. मालिका बघून तो जात नाही, कारण मालिका बघताना डोक्याला करायला काही नसतं. म्हणून गेल्या वर्षी ठरवलं की त्याला दुसरं काहीतरी चघळायला द्यायचं. आधी दोन महिने टीआयएस-१०० खेळले, आणि नंतरचे पाच महिने ट्युरिंग कम्प्लीट. दोन्ही खेळ चांगलेच आहेत, पण कामाच्या दिवसानंतर दोन्हींचा परिणाम माझ्यावर अगदी वेगळा झाला. कोणी घ्यायच्या विचारात असेल तर तो फरक आधी कळलेला बरा.

टीआयएस-१०० हा झॅकट्रॉनिक्सचा २०१५ सालचा खेळ. पडद्यावर चार बाय तीन अशा १२ चौकोनी खोल्या. प्रत्येक खोली म्हणजे एक चिमुकला प्रोसेसर, आणि त्यात जास्तीत जास्त १५ ओळींचा असेंब्ली कोड मावतो. हाताशी एकच रजिस्टर, ACC. शेजारी BAK आहे, पण त्यातली किंमत थेट वाचता येत नाही, अदलाबदल करूनच बाहेर काढावी लागते. गुणाकाराची सूचनाच नाही. काम मोठं असेल तर ते शेजारच्या खोल्यांत वाटायचं आणि एकमेकींना आकडे द्यायचे.

खरी मेख या देण्याघेण्यातच आहे. एका खोलीने आकडा पाठवला की समोरची तो वाचेपर्यंत ती तिथेच थांबते. तिसऱ्या आठवड्यात माझा कोड मध्येच गोठला. डावीकडच्या खोलीत आणि उजवीकडच्या खोलीत एकाच वेळी या ओळी आल्या होत्या:

```
MOV ACC, RIGHT
MOV ACC, LEFT
```

पहिली ओळ डावीकडची, दुसरी उजवीकडची. दोघीही हात पुढे करून उभ्या आणि घेणारं कोणीच नाही. ओळखायची खूण सोपी आहे: दोन्ही खोल्यांच्या MODE मध्ये WRTE दिसतं आणि कितीही पुढे चालवलं तरी हलत नाही. उपाय एवढाच, की एकीने आधी वाचायचं आणि मग लिहायचं.

कोडं सुटलं, आनंदही झाला. पण त्या रात्री साडेबारापर्यंत झोप आली नाही. विचार केल्यावर कारण कळलं. त्याच आठवड्यात ऑफिसात दोन थ्रेड एकमेकांची वाट बघत अडकले होते, आणि मी दिवसभर तेच सोडवत होते. टीआयएस-१०० डोक्याची तीच जागा वापरतो जी दिवसभर वापरून झालेली असते. वर कोडं सुटल्यावर तो आलेख दाखवतो: इतरांना किती सायकल लागल्या, किती ओळी लागल्या, तुम्ही कुठे आहात. तो आलेख पाहिला की सुटलेलं कोडंही सुटलेलं वाटत नाही. खेळ उत्तम आहे यात शंका नाही, पण माझ्यापुरता तो आता शनिवार सकाळचा खेळ आहे.

ट्युरिंग कम्प्लीट २०२१ मध्ये स्टीमवर अर्ली ॲक्सेसमध्ये आला. इथे कोड फार उशिरा येतो. सुरुवातीला हातात फक्त एक नँड गेट मिळतं, म्हणजे दोन्ही इनपुट १ असतील तरच ० देणारं गेट. त्याच्यापासून नॉट, अँड, ऑर बनवायचे. जे बनवलं ते पुढच्या पातळीत तयार भाग म्हणून वापरायला मिळतं. मग बेरजेचं सर्किट, मग मेमरी, मग रजिस्टरं, आणि शेवटी स्वतःच्या वायरींनी जोडलेला आठ बिटांचा प्रोसेसर. त्यावर प्रोग्रॅम चालवायचा. म्हणजे रोज ज्याच्या डोक्यावर आपण वीस थर चढवून बसतो, त्याचा तळ स्वतःच्या हाताने घालायचा.

एक बिट साठवायची पातळी सांगते, कारण माझ्यासाठी खेळाचं सगळं सार तिथे होतं. दोन इनपुट आहेत: ‘साठव’ आणि ‘किंमत’. ‘साठव’ १ असेल तर नवी किंमत घ्यायची, ० असेल तर जुनी सांभाळायची. जुनी किंमत आठवण्यासाठी आउटपुट परत आत वळवावं लागतं. ती वायर सरळ जोडली तर खेळ नकार देतो, कारण त्याच टिकमध्ये, म्हणजे खेळाच्या घड्याळाच्या त्याच ठोक्यात, आउटपुट स्वतःवरच अवलंबून राहतं. म्हणून मध्ये डिले लाइन घालायची, म्हणजे आजचं आउटपुट पुढच्या टिकला आत येतं.

मी असं जोडलं होतं: ‘साठव’ आणि ‘किंमत’ यांचा अँड, आणि त्याच्याशी जुन्या किमतीचा ऑर. पहिल्या काही टिका सगळं हिरवं होतं. मग एका टिकला लाल झालं. ‘साठव’ १, ‘किंमत’ ०, आणि माझं आउटपुट मात्र १. मी पुन्हा चालवलं, पुन्हा तिथेच. वहीत तक्ता मांडला तेव्हा दिसलं की या सर्किटमध्ये एकदा १ शिरला की तो बाहेर पडायला वाटच नाही. जुना १ ऑरमधून फिरून फिरून परत येतो. जुन्या वायरवर एक अँड हवा होता आणि त्याला ‘साठव’ नॉटमधून जोडायला हवा होता. म्हणजे नवं लिहायच्या वेळी जुनं अडवायचं:

```
new = (save AND value) OR (old AND NOT save)
```

चार गेट. पण फ्लॅग लावायचा आणि उतरवायचा विसरायचा, ही चूक मी कोडमध्ये किती वेळा केली आहे! तिथे ती लॉगमध्ये शोधावी लागते. इथे ती एका लाल वायरीसारखी डोळ्यांसमोर पेटलेली दिसली. माझी सातवीतली मुलगी शेजारी बसली होती. तिने स्वतः दोन्ही स्विच दाबून पाहिले आणि म्हणाली, “आई, आता त्याला विसरता पण येतं.”

इथे खेळाची एक मर्यादाही सांगायला हवी. खऱ्या हार्डवेअरमध्ये मेमरी दोन गेट एकमेकांना उलटसुलट जोडून बनते आणि तिथे वेळेचा प्रश्न येतो: सिग्नल किती आधी स्थिर व्हायला हवा, कोणता आधी पोचतो. या खेळात ते नाही. गेटला डिले आहे, पण तो गुण मोजण्यापुरता. व्होल्टेज नाही, नॉइज नाही. हे खेळून इलेक्ट्रॉनिक्स येईल असं कोणी समजू नये. प्रोसेसर आतून विचार कसा करतो, ते मात्र नीट कळतं.

पहिल्या प्रोसेसरचं नाव ओव्हर्चर. त्याची प्रत्येक सूचना एका बाइटची. वरचे दोन बिट सांगतात की हे काय आहे: ०० म्हणजे आकडा भर, ०१ म्हणजे गणित कर, १० म्हणजे एका रजिस्टरातून दुसऱ्यात कॉपी कर, ११ म्हणजे अट बघून उडी मार. आकडा नेहमी REG0 मध्येच जातो. गणित नेहमी REG1 आणि REG2 वरच होतं आणि उत्तर REG3 मध्ये येतं. उडी मारायचा पत्ताही REG0 मधूनच घेतला जातो. इनपुटला ४ ने भागून बाकी बाहेर टाकायची, असा प्रोग्रॅम मी त्यावर लिहिला. ४ ने भागल्याची बाकी म्हणजे शेवटचे दोन बिट, म्हणून ३ बरोबर अँड केला की झालं:

```
0: 00000011   3 -> REG0
1: 10000010   REG0 -> REG2
2: 10110001   IN -> REG1
3: 01000011   REG1 AND REG2 -> REG3
4: 10011110   REG3 -> OUT
5: 00000010   2 -> REG0
6: 11000100   jump REG0
```

पाचव्या ओळीत REG0 मधला ३ पुसला जातो, कारण उडीचा पत्ता तिथेच ठेवावा लागतो. तरी चालतं, कारण ३ आधीच REG2 मध्ये नेऊन ठेवला आहे. म्हणूनच उडी ० वर न मारता २ वर. सात बाइट. ही सात बाइटं माझ्याच नँड गेटांतून धावताना एकेका टिकने पाहिली, त्या संध्याकाळी ऑफिसातलं काहीच आठवलं नाही. आणि झोप लागली.

का लागली, याचं मला पटलेलं उत्तर असं. सर्किटमध्ये लपलेलं काही नसतं. प्रत्येक वायरीवर आत्ता ० आहे की १, ते दिसतं. चूक कोणत्या टिकला झाली ते दिसतं. दिवसभर जे दिसत नाही त्याचा अंदाज बांधून दमलेल्या डोक्याला हे फार बरं वाटतं.

वापरताना अंगवळणी पडलेल्या दोन-तीन गोष्टी. एका संध्याकाळी एकच पातळी, जास्तीत जास्त पाऊण तास. पाऊण तासात सुटली नाही तर ट्रुथ टेबल वहीत लिहून ठेवायचं आणि उठायचं. दुसऱ्या दिवशी ते टेबलच रस्ता दाखवतं. ट्रॅकपॅडवर वायरी ओढू नका, मनगट दुखतं, साधा माऊस घ्या. आणि वायरींना पहिल्यापासून रंग द्या: माझ्याकडे डेटा निळा, कंट्रोल लाल. प्रोसेसरपर्यंत पोचल्यावर एकाच रंगातल्या शंभर वायरी वाचता येत नाहीत, आणि मी पहिला ओव्हर्चर त्यापायी पूर्ण उकलून पुन्हा मांडला. इथेही गेटची संख्या आणि डिले यांचे गुण आहेत आणि इतरांशी तुलनाही आहे. पण ती मध्ये येत नाही, मी ती उघडतच नाही.

पातळीची माहिती फार थोडक्यात आणि इंग्रजीत असते. मेमरीपाशी आणि इन्स्ट्रक्शन डिकोडरपाशी बऱ्याच जणांचं गाडं अडेल. बिट आणि बाइनरी बेरीज यांच्याशी ओळख नसेल तर थेट पैसे घालू नका. नँडगेम ब्राउझरमध्ये फुकट आहे, तो रिलेपासून नँड बनवायला लावतो. त्यात चार संध्याकाळ रमलात तर मग हा घ्या. वेब किंवा मोबाइलचं काम करणाऱ्याला, ज्याने मशीनच्या एवढ्या जवळ कधी पाहिलं नाही, त्याला हा माझ्यापेक्षाही जास्त आवडेल असं वाटतं.

सध्या मी दुसऱ्या प्रोसेसरवर आहे, त्याचं नाव लेग. त्याची सूचना चार बाइटांची: काय करायचं, पहिला आकडा, दुसरा आकडा, उत्तर कुठे. आकडा थेट सूचनेतच देता येतो. बाकी काढायचा तोच प्रोग्रॅम त्यावर परत लिहिला. इनपुटचा ३ बरोबर अँड करून सरळ आउटपुटला पाठव, ही एक सूचना. आणि ० व ० समान असतील तर पत्ता ० वर जा, ही दुसरी. आधी सात बाइट होते, आता आठ झाले. पण आधी प्रत्येक आकड्याला पाच टिका लागत होत्या, आता दोन. या आठवड्यात स्टॅक जोडते आहे. पुश होतो, पॉपला मात्र एक घर चुकतं.