डिस्प्लेवरची हिरवी रेघ आणि मी: सात महिन्यांचा संसार

फोन घेतला त्याला चौदा महिने झाले. त्यातले शेवटचे सात एका हिरव्या रेघेबरोबर काढलेत. जूनमध्ये दादरला विरार फास्टमध्ये घुसताना खिशातला फोन दाराच्या मधल्या खांबावर आपटला. काच शाबूत होती. बोरिवली आल्यावर फोन काढला, तर उजव्या कडेपासून बोटभर आत, वरपासून खालपर्यंत केसाएवढी हिरवी रेघ.

घरी येऊन आधी फॅक्टरी रीसेट केला. दोन तास फुकट. मग बायको म्हणाली, "स्क्रीनशॉट काढून मला पाठव ना." तिच्या फोनवर चित्र एकदम स्वच्छ. म्हणजे सॉफ्टवेअरचा काही दोष नाही, पॅनलच बिघडलाय.

वॉरंटी चालू होती, पण सर्व्हिस सेंटरमधल्या मुलीने फ्रेमच्या कोपऱ्यातला तांदळाएवढा पोचा बोटाने दाखवला आणि फिजिकल डॅमेज लिहिलं. नवा डिस्प्ले ११,८०० रुपये. तसाच जुना फोन तेव्हा तेरा हजारांना मिळत होता.

लॅमिंग्टन रोडच्या कारागिराने मात्र नीट समजावलं. ओएलईडीत पिक्सेलच्या प्रत्येक उभ्या रांगेला स्वतःची तार असते. त्या सगळ्या तारा खालच्या कडेला, मागे दुमडलेल्या पातळ पट्टीवरून चिपकडे जातात. धक्क्याने तिथला एखादा जोड सुटला की ती रांग कुणाचं ऐकत नाही, पेटून राहते. बऱ्याच पॅनलमध्ये हिरव्या ठिपक्यांची रांग वेगळी असते, लाल-निळे मिळून दुसरीत. म्हणून रेघ हिरवी तरी येते, नाहीतर गुलाबी. (पिवळी का नाही, हा माझा प्रश्न तिथेच मिटला.)

जोड पुन्हा दाबून बसवायचं मशीन त्याच्याकडे होतं. "करतो साहेब, पण पॅनल उघडतानाच गेला तर माझ्या नावाने ओरडू नका." नुसती काच बदलून काहीच होत नाही, रेघ काचेच्या खाली आहे. दुसरा मार्ग ४,२०० रुपयांच्या फोल्डरचा, म्हणजे काचेसकट अख्ख्या बदली डिस्प्लेचा. तो एलसीडी निघाला. माझ्या फोनचा फिंगरप्रिंट सेन्सर स्क्रीनखाली आहे, तो ओएलईडीतून आरपार बघतो. एलसीडीमागे बॅकलाइट असते, त्यामुळे अंगठा कायमचा बंद. तेही नाकारलं.

रेघ तशीच ठेवली. आठवड्याभरात नजर सरावली, फक्त डार्क मोडमध्ये रात्री ती जास्त टोचते. ऑक्टोबरच्या उकाड्यात चार्जिंगला लावून मॅप चालवत होतो, तेव्हा शेजारी गुलाबी रेघ उगवली आणि राहिलीच.

त्या रात्री फोटो आणि व्हॉट्सअॅपचा बॅकअप घेतला, बँकेचं अॅप बायकोच्या जुन्या फोनवर हलवलं. स्क्रीन काळी पडली तर टच चालू असूनही पिन कुठे दाबायचा ते दिसणार नाही. गेल्या आठवड्यात एक्स्चेंजला विचारलं. दुकानदाराने स्क्रीन पांढरी करून बघितली आणि भाव दिला १,५०० रुपये. फोन परत खिशात टाकला. आता डाव्या खिशात, खांबापासून लांब.