प्रत्येकाची आवडती मालिका की सर्वांची एकच? पडताळणीच्या उपक्रमाचे दोन आराखडे

आवडत्या मालिकेविषयीची माहिती शोधून ती पडताळण्याचा उपक्रम दोन प्रकारे आखता येतो. एकात प्रत्येक गट स्वतःची मालिका निवडतो, तर दुसऱ्यात संपूर्ण वर्ग एकाच मालिकेविषयीची मोजकी विधाने तपासतो.

पहिल्या आराखड्यात उत्साह आपोआप येतो, यात शंका नाही. मात्र आठ गटांच्या आठ मालिका झाल्या, की कोणते उत्तर बरोबर आहे हे शिक्षकालाही ठाऊक नसते. गट कलाकारांची वये आणि भागांची संख्या चाहत्यांच्या पानांवरून उतरवून आणतात आणि तीन संकेतस्थळांवर एकच आकडा दिसला की तो सिद्ध झाला असे मानतात. त्या तिघांनी तो एकाच ठिकाणाहून उचललेला असू शकतो, ही शंका त्यांना येत नाही.

दुसऱ्या आराखड्यात नेमक्या याच शंकेवर काम करता येते. मी त्यासाठी ‘रामायण’ घेतो. १६ एप्रिल २०२० रोजी पुनःप्रसारित झालेला या मालिकेचा भाग ७.७ कोटी प्रेक्षकांनी पाहिला आणि तो जगात सर्वाधिक पाहिला गेलेला मनोरंजनाचा कार्यक्रम ठरला, असे तेव्हा सर्वत्र छापून आले. हे वाक्य फळ्यावर लिहून विद्यार्थ्यांना त्याचे दोन तुकडे करायला सांगावे: प्रेक्षकसंख्या आणि विश्वविक्रम. मग प्रत्येक बातमीत ‘हे कोणी सांगितले?’ एवढेच अधोरेखित करायला लावावे. बहुतेक बोटे दूरदर्शनच्या स्वतःच्या घोषणेकडे वळतात, म्हणजे बातम्या कितीही असल्या तरी उगम एकच, आणि तोही स्वतःविषयी बोलणारा. दुसऱ्या तुकड्यासाठी मोठा आकडा शोधला, की ‘मॅश’ या अमेरिकी मालिकेचा १९८३ मधील शेवटचा भाग सापडतो. त्याची प्रेक्षकसंख्या सुमारे १०.६ कोटी नोंदली गेली आहे. विक्रमाचा दावा येथे कोसळतो, पण त्यामुळे ७.७ कोटी हा आकडा खोटा ठरत नाही. त्यापुढे ‘स्वतंत्र पुरावा मिळाला नाही’ असेच लिहावे लागते आणि हे लिहिताना वर्ग सर्वाधिक अडखळतो, कारण मुलांना खरे किंवा खोटे यांपैकी एक शिक्का हवा असतो.

या आराखड्याची उणीव म्हणजे मालिका शिक्षकाची असते, मुलांची नव्हे. शिवाय एका गटाने उत्तर शोधले की ते काही मिनिटांत वर्गभर पसरते, म्हणून गुण उत्तराला न देता उगमापर्यंतच्या वाटेच्या नोंदीला द्यावेत.

एक-दोन तासिकाच हाताशी असतील, तर मी दुसरा आराखडाच निवडेन. चार तासिका मिळत असतील, तर त्यानंतर पहिला घ्यावा, पण प्रत्येक गटाला तीनच विधाने द्यावीत. लेखक-दिग्दर्शकांची नावे पडद्यावरील श्रेयनामावलीत पाहावीत, तर पहिल्या प्रसारणाची तारीख त्या दिवशीच्या वृत्तपत्रातील कार्यक्रमपत्रिकेत शोधावी. चालू मालिकेची भागसंख्या मात्र वगळावी. ती तपासून होईपर्यंत बदललेली असते.