दोषमुक्तीचे पत्र: फक्त कर्मचाऱ्याला, की सूचनाफलकावरही?

साठ्यातील तुटीच्या आरोपावरून निलंबित झालेला भांडारपाल चौकशीत निर्दोष ठरला, तर सूचनाफलकावर परिपत्रक लावणे सोपे वाटते. पण ज्यांना आरोप ठाऊकच नव्हता, त्यांनाही तो त्यातून कळतो. वैयक्तिक पत्र मला उजवे वाटते, मात्र त्यात ‘पुराव्याअभावी प्रकरण बंद’ असे (नेहमीचे, संशय जिवंत ठेवणारे) शब्द नसावेत. ‘तफावत नोंदीतील चुकीमुळे होती, आपल्यावरील आरोप निराधार आढळला, निलंबनकाळ कर्तव्यकाळ धरून, निर्वाहभत्ता वजा जाता पूर्ण वेतन मिळेल’ इतके स्पष्ट लिहावे. सहकाऱ्यांतील कुजबुजीबाबत पत्रात एवढेच लिहावे, की विभागप्रमुखांना निष्कर्ष कळवला असून कोणी विचारल्यास ते ‘चौकशी संपली, ते पूर्वपदावर रुजू आहेत’ यापलीकडे काही बोलणार नाहीत.