अनमॅच केल्यावर संभाषण कुठे जाते? सोलापुरातील एक फसवणूक

डेटिंग अॅपवर ओळख झालेल्या एका व्यक्तीने माझे अठरा हजार रुपये घेतले आणि पैसे मिळाल्यावर काही मिनिटांतच मला अनमॅच केले, म्हणजे अॅपवरची आमची जुळणी तोडून टाकली. त्यासरशी आमचे सगळे संभाषण माझ्या फोनवरून नाहीसे झाले. पैशांपेक्षा या दुसऱ्या गोष्टीबद्दल मला लिहायचे आहे, कारण तक्रार करताना खरी अडचण तिथेच येते.

तो स्वतःला पुण्यातील अभियंता म्हणवत असे. एका रविवारी तो मला भेटायला सोलापूरला निघाला होता आणि आमची भेट सात रस्त्याजवळ ठरली होती. दुपारी त्याने कळवले की इंदापूरजवळ गाडीला अपघात झाला असून गॅरेजवाला रोख रकमेशिवाय गाडी सोडत नाही. त्याने अॅपमध्येच एक यूपीआय आयडी लिहून पाठवला. मी आधी सहा हजार आणि तासाभराने बारा हजार पाठवले. व्हॉट्सअॅपवर बोलू या, असे मी दोनदा सुचवले होते, पण प्रत्येक वेळी त्याने ते टाळले. त्यामागचे कारण नंतर उमगले: व्हॉट्सअॅपवर समोरच्याने ब्लॉक केले तरी संवाद आपल्या फोनवर राहतो, या अॅपवर तसे होत नाही.

अनमॅच केल्यावर दोघांच्याही यादीतून जुळणी, प्रोफाइल आणि संदेश एकदमच निघून जातात. म्हणजे त्याच्या पडद्यावरही काही उरत नाही. तरीही दोघांची स्थिती सारखी नसते. अनमॅच कधी करायचे हे ज्याला ठाऊक असते, तो त्याआधी हवे तेवढे स्क्रीनशॉट काढून ठेवू शकतो, आणि दुसऱ्याला ती संधीच मिळत नाही.

मग मी अॅपच्या सेटिंगमधून माझ्या खात्याच्या माहितीची प्रत मागवली. त्यात ते संभाषण सापडले, पण फक्त माझ्या बाजूचे. समोरच्याचे संदेश ही त्याची माहिती मानली जाते, म्हणून ती मला दिली जात नाही. हे एकतर्फी संभाषण वाचायला घातक असते. ‘किती पाठवू?’, ‘आता बारा हजार पाठवले, आले का बघ’ ही माझी वाक्ये सुटी वाचली, तर मी आपणहून पैसे देऊ केले असे कोणालाही वाटेल.

या अर्ध्या नोंदीला अर्थ आला तो बँकेमुळे. माझ्या प्रत्येक संदेशासमोर वेळ होती आणि बँकेच्या अॅपमध्ये व्यवहाराची वेळ, बारा अंकी यूटीआर क्रमांक, ज्याला पैसे गेले त्याचे नाव व यूपीआय आयडी होता. ‘किती पाठवू?’ आणि सहा हजारांचा व्यवहार यांत चार मिनिटांचे अंतर होते. खातेदाराचे नाव प्रोफाइलवरील नावाहून निराळे होते. दोन्ही नोंदी वेळेनुसार एकाखाली एक लावून मी तो कागद तक्रारीला जोडला. सायबर फसवणुकीच्या १९३० या मदत क्रमांकावर फोन त्याच संध्याकाळी केला होता, कारण रक्कम पुढच्या खात्यात जाण्यापूर्वी गोठवली जाण्याची शक्यता पहिल्या काही तासांतच सर्वाधिक असते. नंतर cybercrime.gov.in वर सविस्तर तक्रार नोंदवली.

दोन्ही बाजूंचे संदेश मिळण्याची शक्यता फक्त कंपनीच्या सर्व्हरवर असते आणि ते आपल्याला नव्हे, पोलिसांना मिळू शकतात. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ९४ खाली पोलीस ते मागवू शकतात. मात्र कंपनी ते कायम ठेवत नाही. २०२१च्या माहिती तंत्रज्ञान नियमांनुसार खाते बंद झाल्यावर नोंदणीची माहिती १८० दिवस राखून ठेवावी लागते. पण ही मुदत नोंदणीच्या माहितीची आहे, संदेशांची नव्हे. म्हणून मी कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला ताबडतोब ईमेल केला. त्यात माझा नोंदणीकृत क्रमांक, त्या प्रोफाइलचे नाव व वय, संभाषणाच्या तारखा आणि सायबर तक्रारीचा क्रमांक देऊन, हे संभाषण तपासासाठी जपून ठेवावे एवढीच विनंती केली. प्रोफाइलच दिसत नसल्याने त्याच्यापर्यंत पोहोचण्याचा मार्ग आपल्या खात्यातूनच जातो. म्हणून संतापाच्या भरात स्वतःचे खाते काढून टाकू नये.

ज्यांचे संभाषण अजून चालू आहे त्यांनी, पैशांचा पहिला उल्लेख येताच आणि कोणताही जाब विचारण्याआधी, प्रोफाइलपासून शेवटच्या संदेशापर्यंत पडद्याचे चित्रीकरण करावे. जाब विचारला की अनमॅच होते, हा क्रम मी तक्रारीसाठी आलेल्या इतरांकडून ऐकला. स्क्रीनशॉट कापू नयेत, वरची वेळ दिसू द्यावी आणि मूळ फोन विकू नये, कारण न्यायालयात अशा पुराव्यासोबत भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ चे प्रमाणपत्र लागते. अँड्रॉइड फोनमधील सूचनांचा इतिहास आधीच सुरू असेल, तर गेल्या चोवीस तासांतील संदेशांच्या सूचनाही तिथे सापडतात, पण तो नंतर सुरू करून मागचे काही मिळत नाही.

माझ्या दुसऱ्या व्यवहारातील काही रक्कम त्या खात्यात गोठली आहे. कंपनीकडून मला केवळ ईमेल मिळाल्याची पोच आली आहे. संभाषणाचा उरलेला अर्धा भाग पोलिसांनी मागवला आहे.