पाठ टाचण: पुस्तकाच्या क्रमाने की शेवटच्या प्रश्नापासून?

भिन्नछेद अपूर्णांकांची बेरीज, तासिका 35 मिनिटांची. पुस्तकाच्या क्रमाने टाचण काढलं की सगळी उदाहरणं होतात, पण फळा उतरवण्यातच वेळ सरतो आणि शेवटचा प्रश्न घंटेत बुडतो.

मी तो प्रश्नच आधी लिहिते: ‘1/3 + 1/4 = 2/7 हे चूक का?’ त्याला 5 मिनिटं राखून मागे येते: 8 मिनिटं सराव, 15 मिनिटं कागदी पट्ट्या, सुरुवातीला 7 मिनिटं समच्छेद बेरजेची उजळणी. फळ्यावर डावीकडे 1/2 + 1/3 = 3/6 + 2/6 पट्ट्यांच्या आकृतीसह शेवटपर्यंत राहतं. दोन-तीन उदाहरणं मात्र घरी द्यावी लागतात.

नुसतं 7/12 लिहिणाऱ्याला रीत पाठ असू शकते. 2/7 तर 1/3 पेक्षाही लहान, हे सांगणाऱ्याला बेरीज समजली आहे.