एलएफपी बॅटरीचा वापरानंतरचा अनुभव: व्होल्टेज हलत नाही, मग टक्के कुठून येतात?

संगमेश्वरच्या घरी गेल्या हिवाळ्यात सोलरसोबत एलएफपी, म्हणजे लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी बसवली. सोळा सेल सिरीजमध्ये, ५१.२ व्होल्ट, १०० अँपिअर-अवर. आधी चार ट्यूब्युलर लेड-अ‍ॅसिड होत्या. उन्हाळा आणि जवळजवळ अख्खा पावसाळा काढल्यावर लिहिते आहे. बॅटरी म्हणून तक्रार नाही. बोलायचंय ते अ‍ॅपमध्ये दिसणाऱ्या टक्केवारीबद्दल, कारण ती विश्वासार्ह कधी असते आणि कधी नसते, हे विकणाऱ्याने सांगितलं नव्हतं.

उन्हाळ्यात सगळं सुरळीत होतं. दुपारी बॅटरी फुल, रात्री पंखे-फ्रिज चालून सकाळी साठ-पासष्ट टक्के. जुलैत सलग पाऊस लागला, बॅटरी रोज अर्धवटच भरायची, आणि एका संध्याकाळी मिक्सर आणि पाण्याचा पंप एकदम चालू असताना इन्व्हर्टर बंद पडला. अ‍ॅपवर ४१ टक्के होते. सासरे व्होल्टेजच्या मीटरपाशी गेले आणि म्हणाले, "अगं, ५१ च्या वर दाखवतंय, बॅटरी तर भरलेली आहे. मग लाईट का गेली?" त्यांचा हिशोब जुन्या बॅटऱ्यांचा. तिथे ५१ म्हणजे फुल, ४८ म्हणजे संपत आली. एलएफपीला लोड काढून थोडा वेळ झाल्यावर ५१.२ दिसले, तर पंधरा-वीस टक्केच उरलेत असं समजायचं.

एनएमसीशी तुलना केली की हे नीट कळतं. माझ्या स्कूटरची बॅटरी एनएमसी आहे, निकेल-मँगनीज-कोबाल्टची. तिच्या पॉझिटिव्ह इलेक्ट्रोडमधून लिथियम जसजसं आत-बाहेर होतं, तसतसं व्होल्टेज सरकत राहतं. फुल असताना सेल ४.२ व्होल्टवर, अर्ध्यावर साधारण ३.७ आणि वीस टक्क्यांना साडेतीनच्या आसपास. सरळ उतार. स्कूटर रात्रभर उभी राहिली की बीएमएसला, म्हणजे बॅटरीवर लक्ष ठेवणाऱ्या सर्किटला, सेलचं शांत व्होल्टेज वाचून टक्के पडताळता येतात. दहा मिलिव्होल्ट चुकले तरी फरक एक-दोन टक्क्यांचा.

एलएफपीत लिथियम भरलेला आणि लिथियम निघून गेलेला असे दोन वेगळे भाग इलेक्ट्रोडमध्ये एकत्र नांदतात. डिस्चार्ज होताना त्यांचं प्रमाण बदलतं, व्होल्टेज जवळपास तेच राहतं. सत्तर टक्क्यांना ३.३२-३.३३, चाळीसला ३.२८-३.२९. म्हणजे तीस टक्क्यांचा फरक चाळीसेक मिलिव्होल्टमध्ये, सोळा सेलच्या पॅकवर अर्ध्या-पाऊण व्होल्टमध्ये. वीस अँपिअरचा लोड टाकला की तेवढं व्होल्टेज केबल आणि सेलच्या रेझिस्टन्सनेच उतरतं. शिवाय चार्ज करून थांबवलं तर त्याच टक्क्यांना व्होल्टेज थोडं वर बसतं, डिस्चार्ज करून थांबवलं तर थोडं खाली, आणि तासभर ठेवूनही दोन्ही जुळत नाहीत. त्यामुळे मधल्या पट्ट्यात व्होल्टेजवरून टक्के काढण्यात अर्थ नाही. हाच सपाटपणा वापरताना मात्र सुखाचा आहे: वीस टक्क्यांवरही इन्व्हर्टरला जवळपास तेच व्होल्टेज मिळतं.

मग बीएमएस टक्के आणतो कुठून? तो शंटमधून, म्हणजे करंट मोजायला लावलेल्या छोट्या रेझिस्टन्समधून, गेलेला करंट मोजतो आणि वजा-अधिक करत राहतो, वाण्याच्या उधारीच्या वहीसारखा. वही अधूनमधून ताळ्यावर आणावी लागते, आणि एलएफपीत ती खात्रीने जुळवता येते फक्त टोकाला, बॅटरी खरोखर फुल झाल्यावर. उन्हाळ्यात ती रोज दुपारी जुळत होती. पावसाळ्यात चूक साठत गेली.

चूक कुठली होती तेही शोधलं. पावसाळ्यात रात्री इन्व्हर्टर बंद करून फक्त राउटर आणि कॅमेरे बॅटरीवर ठेवतो. क्लॅम्प मीटर लावला तर ०.३ अँपिअर. त्याच वेळी अ‍ॅपमध्ये करंट शून्य. या बीएमएसला अर्ध्या अँपिअरच्या खालचा करंट मोजताच येत नाही. रात्रीचे दहा तास धरले तर रोज ३ अँपिअर-अवर न नोंदता जातात, १०० च्या बॅटरीत रोज तीन टक्के. नऊ-दहा दिवस फुल चार्ज नाही, की पंचवीस-तीस टक्के हवेतले. अ‍ॅप ४१ म्हणत होतं तेव्हा खरे बारा-तेराच्या आसपास असणार. तिथे सपाट भाग संपून कडा सुरू होतो, आणि तीस-चाळीस अँपिअरच्या लोडला सेल ३ व्होल्टकडे पटकन घसरतो. इन्व्हर्टरचा कट-ऑफ ४८ व्होल्टवर होता, तो लागला. लोड गेल्यावर व्होल्टेज पुन्हा ५१ वर, म्हणून सासऱ्यांना बॅटरी भरलेली वाटली.

त्यानंतर मी वेगळा शंट मॉनिटर बसवला, ०.१ अँपिअरपर्यंत मोजणारा. त्यात दोन सेटिंग्ज नीट करावी लागतात. `Charged voltage` चार्जरच्या वरच्या व्होल्टेजपेक्षा किंचित खाली: चार्जर ५६.४ ला, मॉनिटर ५६.१ ला. हे ५३.५ सारखं खाली ठेवलं तर ढग आल्यावर करंट पडतो, बॅटरी अर्धीच असते आणि मॉनिटर "फुल झालं" समजून थेट १०० दाखवतो. दुसरं `Tail current`, माझ्याकडे ४ टक्के: व्होल्टेज वर असताना करंट ४ अँपिअरच्या खाली येऊन काही मिनिटं टिकला तरच फुल धरायचं.

पावसाळ्यात आठवड्यातून एकदा महावितरणच्या विजेवर बॅटरी पूर्ण भरून घेते. टेस्ला आपल्या एलएफपी गाड्यांना आठवड्यातून निदान एकदा १०० टक्के चार्ज करायला सांगते, त्यामागे हेच कारण आहे. एनएमसी गाडीला रोजच्या वापरात ऐंशीच्या आसपास थांबा म्हणतात, कारण तिथे व्होल्टेजच टक्के सांगतं आणि वरचं व्होल्टेज सेलला मानवत नाही.

फुल चार्जचा आणखी एक उपयोग आहे. सपाट भागात सगळे सेल ३.३० दाखवतात, त्यांच्यात पाच टक्क्यांचा फरक असला तरी दिसत नाही. पहिल्यांदा आठवड्याने भरताना माझे पंधरा सेल ३.४२ ला होते आणि अकरावा ३.६१ ला. तो ३.६५ ला गेला असता तर बीएमएसने चार्जिंग तोडलं असतं, करंट एकदम शून्य झाला असता आणि मॉनिटरला फुलची खूणच मिळाली नसती. चार्जर ५५.२ वर आणून तीन-चार तास धरून ठेवला, सगळे सेल एका पातळीवर आणणाऱ्या बॅलन्सरने अकरावा खाली ओढला, पुढच्या वेळी फरक ०.०३ वर आला.

आता शंट मॉनिटर आणि बीएमएस यांचे आकडे आठवड्याच्या शेवटी वीस टक्क्यांपर्यंत वेगळे असतात. मी शंटचे धरते, आणि लोड काढून अर्ध्या तासाने व्होल्टेज ५१.५ च्या खाली दिसलं तर टक्के काहीही असोत, पंप लावत नाही. घेणाऱ्यांनी विकत घेण्याआधी बीएमएस किती अँपिअरपासून करंट मोजतो हे विचारावं. घरात रात्रभर चालणारा छोटा लोड असेल तर हा आकडा बॅटरीच्या क्षमतेइतकाच महत्त्वाचा आहे.